आजी ‘स्लिम’ होती का?

गेल्या वर्षी मराठी माध्यमाच्या शाळांसाठी एक इंग्रजी निबंधस्पर्धा झाली. आम्ही चौघं परीक्षक होतो. विषय होता ‘माझ्या घरातली एक व्यक्ती’. नववीतल्या एका मुलीनं तिच्या वारलेल्या आजीवर लिहिलं होतं. अक्षर सुवाच्य, स्पेलिंगं नीट, आणि दीड पानांत एकही पाठ केलेलं वाक्य नाही. तिसऱ्या परिच्छेदात मात्र तिनं लिहिलं होतं की आजी ‘स्लिम’ होती आणि आजोबा गेल्यावर ती आणखी ‘स्लिमर’ झाली. या एका शब्दावर आम्ही पाऊण तास वाद घातला, आणि तो वाद इतका वाईट झाला की त्याबद्दल लिहिल्याशिवाय मला चैन पडेना.

पहिल्या परीक्षकांचं म्हणणं, चूक काय आहे यात? थिन, स्लिम, स्लेंडर, स्किनी, सगळ्यांचा अर्थ बारीक. व्याकरण बरोबर आहे, गुण कापायचे कशाला? दुसऱ्या बाईंनी ‘स्लिमर’ खोडून वर लाल शाईत ‘स्किनी’ लिहिलं. त्यांचं तत्त्व सोपं होतं: स्लिम आणि स्लेंडर हे चांगले शब्द, स्किनी हा वाईट शब्द, थिन मधला. आजीचं ते बारीक होणं काही चांगलं नव्हतं, म्हणून वाईट शब्द घालायचा. तिसऱ्या परीक्षकांना मुळात आजीच्या अंगकाठीचा उल्लेखच खटकला होता. माणसाच्या शरीरावर बोलूच नये हे मुलांना याच वयात शिकवायला हवं, असं त्या कळकळीनं सांगत होत्या.

तिघंही अनुभवी, तिघंही मुलांवर जीव असणारे. तरी माझ्या मते तिघंही चुकत होते, आणि ही चूक आमच्या त्या खोलीपुरती नाही. इंग्रजी शिकवताना, भाषांतर करताना, अगदी लग्नाची जाहिरात लिहितानाही आपण या शब्दांकडे एक तर वजनकाट्याच्या नजरेनं पाहतो, नाही तर गुणपत्रिकेच्या. मला वाटतं, या चार शब्दांमधला फरक शरीराच्या मापाचा नाही, आणि निव्वळ चांगल्या-वाईटाचाही नाही. हे शब्द माणूस किती बारीक आहे ते सांगत नाहीत. तो बारीक कशानं आहे आणि बघणाऱ्यानं काय अपेक्षा धरली होती, ते सांगतात. म्हणून योग्य शब्द निवडायचा तर आधी त्या माणसाची हकिगत माहीत असावी लागते.

पहिल्या परीक्षकांच्या मुद्द्यात तथ्य नाही असं नाही. जर्मन तर्कशास्त्रज्ञ गॉटलोब फ्रेगे यांनी 1918 मधल्या एका निबंधात नेमकी हीच भूमिका घेतली होती. घोड्याला घोडा म्हणा, वारू म्हणा की तट्टू म्हणा, विधान खरं की खोटं यात फरक पडत नाही, असं त्यांचं म्हणणं मराठीत मांडता येईल. शब्दाचा तो रंग विचाराच्या बाहेरचा. आजीच्या बाबतीतही पंचेचाळीस किलोची बाई पंचेचाळीस किलोचीच. तिला काहीही म्हटल्यानं काटा हलणार नाही. शिवाय डॉक्टरांची भाषा असं सपाटीकरण करतेच. बॉडी मास इंडेक्स 18.5 च्या खाली गेला की वजन कमी, विषय संपला. दवाखान्याच्या खोलीत त्याहून अधिक काही नको असतं.

पण आपण माणसाचं वर्णन करतो तेव्हा त्या खोलीत नसतो. शब्द अदलाबदल करून बघा. टायफॉइडनं तीन आठवडे अंथरुणाला खिळलेला तरुण घरी आला, आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘किती सडपातळ झालाय हो!’ ऐकणाऱ्याला क्षणभर काही कळणार नाही. काकूंना म्हणायचं होतं ‘किती वाळलाय’, ‘किती उतरलाय’, ‘हाडं वर आलीत पोराची’. माप तेच आहे. पण सडपातळ म्हटल्यावर आजार वाक्यातून नाहीसा होतो आणि त्याच्या जागी व्यायामशाळा येते. शब्दांचा अर्थ खरोखर एकच असता तर हा धक्का बसला नसता.

आता दुसऱ्या बाईंकडे येऊ, कारण शिकवण्यांमधून आज सर्वात जास्त चालते ती त्यांचीच पद्धत. शब्दांपुढे अधिक आणि उणे अशी चिन्हं लावलेली यादी मुलांच्या हातात दिली जाते. या पद्धतीमागे एक खरं निरीक्षण आहे. बर्ट्रांड रसेल यांनी 1948 मध्ये बीबीसीवर एक क्रियापद चालवून दाखवलं होतं: मी ठाम आहे, तू हट्टी आहेस, तो डोकं बंद केलेला मूर्ख आहे. वर्तन एकच, पण स्वतःपासून जसजसे दूर जावं तसतसा शब्द कडवट होतो. मराठीत ते असं चालवता येईल: मी सडपातळ, तू बारीक, तो हडकुळा. शब्दांना कौल असतो, ते बोलणाऱ्याची बाजू सांगतात, हे या उदाहरणानं लख्ख दिसतं, आणि म्हणूनच अधिक-उणेची यादी पटते.

पण यादी घेऊन एखादं वर्तमानपत्र उघडा. बेपत्ता व्यक्तीचं निवेदन छापलेलं असतं: वय अमुक, उंची पाच फूट चार इंच, रंग सावळा, बांधा सडपातळ, चेहरा उभट, अंगात पांढरा शर्ट. त्याच अंकात वधू-वर सूचकाच्या रकान्यात पाहा: गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष. पहिल्या ठिकाणी ‘सडपातळ’ म्हणजे मध्यम नाही आणि मजबूत नाही, एवढंच. तिथं कौतुक करायला कुणी बसलेलं नाही. ठाणे अंमलदार वहीतला एक रकाना भरतो आहे. दुसऱ्या ठिकाणी तोच शब्द मालाची तारीफ करतो. इंग्रजीतही हेच घडतं. तिकडचे पोलीस संशयिताचं वर्णन देताना ‘स्लिम बिल्ड’ म्हणतात, म्हणून काही ते चोरावर खूश असतात असं नाही. मग सांगा, यादीत स्लिमपुढे अधिक लावायचं की शून्य?

शब्दाला एकदाच चिकटवून मोकळं व्हावं असं चिन्ह नसतं. शब्दाच्या पोटात एक गृहीत असतं, आणि ते बाहेर काढायच्या साध्या कसोट्या आहेत. वर्गात मला सर्वात उपयोगी पडलेली कसोटी ‘पण’ची. ‘पण’ हा शब्द आधीच्या शब्दानं जागवलेली शंका पुसायला येतो. ‘हडकुळा आहे, पण काटक आहे’ हे वाक्य सरळ चालतं. हडकुळा म्हटल्याबरोबर अशक्तपणाची शंका आली होती, ती ‘पण’नं पुसली. ‘सडसडीत आहे, पण काटक आहे’ मात्र अडखळतं, कारण सडसडीत म्हणताना काटकपणा आधीच कबूल झालेला असतो. इंग्रजीत ‘थिन बट हेल्दी’ कुणीही म्हणेल. ‘स्लिम बट हेल्दी’ म्हणाल तर ऐकणारा विचारील, ‘बट’ कशाला? याचा अर्थ थिन हा शब्द तब्येतीबद्दल काही बोलत नाही आणि ऐकणाऱ्याला शंकेत ठेवतो. स्लिम हा शब्द तब्येत ठीक असल्याची हमी घेऊन येतो.

दुसरी कसोटी ‘फार’ची, इंग्रजीतल्या ‘टू’ची. ‘टू थिन’, ‘टू स्किनी’ सहज तोंडात येतं. ‘टू स्लिम’ क्वचित, आणि माणसाबद्दल ‘टू स्लेंडर’ तर कानाला विचित्र. का? थिन आणि स्किनी एका रेषेवर मागे मागे सरकतात. त्या रेषेवर एक ‘पुरेसं’ नावाची खूण आहे आणि हे दोन शब्द तिच्या अलीकडे आहेत. पातळ आमटी, विरळ केस, पोकळ सबब या तिन्हींना इंग्रजी थिनच म्हणते; जिथं असायला हवं होतं आणि नाही, तिथं तो शब्द जातो. स्लेंडर मात्र प्रमाणाबद्दल बोलतो: लांबीच्या मानानं रुंदी कमी आणि ते डोळ्याला बरं वाटतं. बोटं स्लेंडर असतात, मान असते, मनगट असतं, वेताची छडी असते. प्रमाण साधलं म्हटल्यावर ते ‘फार’ साधलं असं कोण म्हणेल? (तोच शब्द पैशाकडे किंवा आशेकडे वळला की मात्र तुटपुंजा होतो, हे लक्षात ठेवावं. ‘स्लेंडर मीन्स’ म्हणजे कौतुकाची मिळकत नव्हे.)

या दोन्ही कसोट्या ज्या तिसऱ्या प्रश्नाकडे नेतात तो म्हणजे ‘कशानं?’ स्लिमला इंग्रजीत क्रियापद आहे: माणसं स्लिम होण्यासाठी काही तरी करतात. म्हणून स्लिममध्ये इच्छा आहे, शिस्त आहे, कपड्याचं माप आहे. स्लेंडर होण्यासाठी काही करता येत नाही. ती जन्माची ठेवण. थिन कशानंही होता येतं, भुकेनं, काळजीनं, तापानं किंवा मुळातच. शब्द कारण सांगत नाही आणि म्हणून लेखकाला ते कारण पुढच्या वाक्यात सांगायची मोकळीक देतो. स्किनीत कारणापेक्षा बघणारा मोठा असतो. तो मांस शोधत होता आणि त्याला कातडी दिसली. शब्दाचं मूळच ‘स्किन’. त्याची निराशा, कीव, सलगी किंवा चेष्टा, जे काही असेल ते, त्या शब्दात उतरतं. म्हणून हा शब्द स्वतःबद्दल चालतो, भावाबद्दल चालतो, जिवलग मैत्रिणीबद्दल चालतो. आपण नाही का मैत्रिणीला हक्कानं ‘अगं काटकुळे’ म्हणत? पण मुख्याध्यापकांबद्दल तो वापरता येत नाही, आणि वारलेल्या आजीबद्दल तर मुळीच नाही. दुसऱ्या बाईंनी लाल शाईत लिहिलेला ‘स्किनी’ शब्द त्या मुलीच्या तोंडी तिच्याच आजीची हेटाळणी घालत होता. यादीप्रमाणे तो बरोबर होता.

कारणावर शब्दाचा भाव ठरतो हे काही इंग्रजीपुरतं नाही, आणि नवंही नाही. मेघदूतातला यक्ष आपल्या पत्नीचं वर्णन मेघाला सांगतो तेव्हा तिला ‘तन्वी’ म्हणतो आणि कमरेपाशी ‘क्षामा’ म्हणतो. तिथं बारीक असणं हे रूप आहे. थोड्याच श्लोकांनंतर तो सांगतो की विरहाच्या शय्येवर एका कुशीवर पडलेली ती तुला दिसेल, ‘आधिक्षामा’, चंद्राची उरलेली एकच कोर असावी तशी. बाई तीच, ‘क्षाम’ हा शब्दही तोच. फक्त पुढे ‘आधि’, म्हणजे मनाची व्यथा, जोडली गेली आणि रूपाचं दुःख झालं. कालिदासाला निराळा शब्द सुचला नसेल असं कोण म्हणेल? त्यानं तोच शब्द ठेवला आणि कारण बदललं. अधिक-उणेच्या यादीत हा ‘क्षाम’ कुठल्या बाजूला बसवायचा?

इथं एक खरोखर अवघड आक्षेप येतो, आणि तो आमच्या वादात कुणी घेतला नव्हता याचं मला वाईट वाटलं. आक्षेप असा की शब्दांचे भाव सतत बदलतात, देशागणिक बदलतात, मग ते शिकवायचे कसे आणि त्यावरून गुण तरी कसे कापायचे? पुरावा भक्कम आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरनं ‘कँटरबरी टेल्स’मधल्या आपल्या यात्रेकरूंपैकी एका कारभाऱ्याचं वर्णन ‘स्लेंडर’ आणि तापट असं केलं. त्याचे पाय काठीसारखे, पोटऱ्या दिसतच नाहीत, असंही पुढे सांगितलं. आज त्या माणसाला कुणी स्लेंडर म्हणणार नाही. ‘स्लिम’ सतराव्या शतकात डच वळणाच्या बोलीतून इंग्रजीत आला, आणि तिकडे त्याचा जुना अर्थ वाकडा, वाईट असा होता. जर्मनमध्ये ‘श्लिम’ म्हणजे आजही वाईट. दक्षिण आफ्रिकेत तो चलाख, धूर्त या अर्थानं राहिला. गांधीजींचे तिथले प्रतिपक्षी जनरल स्मट्स यांना लोक ‘स्लिम यानी’ म्हणत ते काही त्यांची अंगकाठी पाहून नव्हे.

आणि सर्वात विदारक उदाहरण युगांडाचं. 1980 नंतरच्या वर्षांत तिथल्या राकाई भागात माणसं जुलाबानं आणि तापानं झिजत जाऊन मरायला लागली. गावकऱ्यांनी त्या रोगाला नाव दिलं ‘स्लिम’. 1985 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टरांनी त्याचा एड्सच्या विषाणूशी संबंध दाखवणारा लेख प्रसिद्ध केला तेव्हा शीर्षकातही ‘स्लिम डिसीज’ हेच शब्द होते. ज्या काळात लंडनमधल्या दुकानांत स्लिम हा शब्द बिस्किटं आणि कपडे विकत होता, त्याच काळात राकाईतल्या एखाद्या आईला मुलाबद्दल तो शब्द ऐकून धडकी भरत असेल. शब्द एक, इंग्रजीही एकच.

मग भाव शिकवता येत नाहीत असं ठरलं का? मला तर हीच उदाहरणं उलट साक्ष देताना दिसतात. बाजारात कांद्याचा भाव रोज बदलतो, म्हणून कांद्याला भावच नसतो असं कुणी म्हणत नाही. राकाईत स्लिमचा अर्थ एका माणसाच्या मनात बदलला नव्हता. तो साऱ्या गावाचा बदलला होता आणि कशामुळे बदलला हे गावाला ठाऊक होतं. भाव खासगी असते तर बदलले तरी कुणाला कळलं नसतं. आपल्याकडेही बघा. ज्या समाजानं दुष्काळामागून दुष्काळ पाहिले त्यानं भरलेल्या अंगाच्या सुनेला ‘खात्यापित्या घरची’ म्हटलं, आणि बारीक मुलाला ‘पाप्याचं पितर’. त्याच समाजातली आजची पिढी जिममधून येऊन कुणी ‘बारीक झालास’ म्हणावं म्हणून वाट पाहते. आईनं तेच वाक्य म्हटलं तर मात्र तिच्या मनात वसतिगृहाची मेस असते. मुलगा हसतो आणि आई दुसऱ्या दिवशी डिंकाचे लाडू करायला घेते. दोघांनाही परस्परांचा भाव नेमका कळलेला असतो. जे रोजच्या घरात इतकं अचूक चालतं ते वर्गात शिकवता येणार नाही, हे मला मान्य नाही.

शिकवताना मर्यादा मात्र सांगायला हवी. अमेरिकेतल्या दोन तरुण मैत्रिणींमध्ये ‘स्किनी’ हे कौतुकही असू शकतं. घट्ट जीन्सला आणि साय काढलेल्या दुधाच्या कॉफीला तोच शब्द विशेषण म्हणून लागला आहे. म्हणून मुलांना मी सांगतो की स्किनी ओळखा, ऐकलात तर समजून घ्या, पण स्वतः दुसऱ्याबद्दल वापरताना थांबा. आपण त्या सलगीत नाही आहोत.

राहिल्या तिसऱ्या परीक्षक. त्यांचं म्हणणं मला तिघांमध्ये सर्वात मोलाचं वाटतं, आणि त्याला उत्तर देताना मला सर्वात जास्त विचार करावा लागला. आपल्याकडे लग्नकार्यात भेटलेला माणूस ‘कसे आहात’च्या आधी अंगाकडे बघून शेरा मारतो. ‘काय गं, घरी खायला घालत नाहीत का?’ हे वाक्य कित्येक मुलींनी सणासुदीला दहा-दहा वेळा ऐकलेलं असतं. तोंडावर, न विचारता, दुसऱ्याच्या शरीरावर बोलू नये हे मुलांना शिकवलंच पाहिजे. तेवढ्यापुरता मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे.

पण तोंडावर शेरा मारणं वेगळं आणि वर्णन करणं वेगळं. हरवलेल्या माणसाला शोधायचं तर त्याचा बांधा सांगावाच लागतो. आजाऱ्याची हकिगत डॉक्टरांना सांगताना ‘महिन्याभरात खूप उतरलेत’ हे वाक्य गिळून टाकलं तर नुकसान त्या आजाऱ्याचंच. आणि नात निबंध लिहिते तेव्हा ती आजीला जपून ठेवते आहे. आजीचं मनगट कसं होतं, बांगड्या कोपरापर्यंत कशा सरकायच्या, हे तिनं लिहायचं नाही? शरीराबद्दल बोलूच नये असा नियम केला की वाईट शब्दांबरोबर नेमके शब्दही जातात. मग उरतं ‘माझी आजी खूप छान होती’. अशा वाक्यांचे निबंध आम्ही त्या दिवशी साठ तरी तपासले होते. शिवाय मौनालाही भाव असतो. घरातल्या एकाच माणसाच्या शरीराबद्दल सगळे गप्प बसतात तेव्हा त्या माणसाला त्याचा अर्थ कळत नाही का?

तेव्हा त्या मुलीच्या वाक्याचं काय करायचं? मी मनातल्या मनात मराठीत करून पाहिलं. ‘आजी अंगानं बारीकच होती. आजोबा गेल्यावर खंगत गेली.’ मराठीला इथं विशेषण बदलावं लागत नाही, ती क्रियापद बदलते. वाळणं, सुकणं, रोडावणं, हडकणं, झिजणं, खंगणं: प्रत्येकात कारण आणि वेग वेगळा. ताप येऊन गेला तर माणूस वाळतो, उपाशी ठेवलं की रोडावतो, कामानं झिजतो, दुःखानं खंगतो. इंग्रजीत एवढी क्रियापदं रोजच्या बोलण्यात नाहीत. तिथं ‘थिन’ घेऊन तो दुहेरी करावा लागतो, ‘थिनर अँड थिनर’, आणि मधे ‘ग्रू’ हे संथ क्रियापद टाकावं लागतं. ‘बिकेम स्लिमर’ लिहिलं की नवरा वारल्यावर बाईनं आहार-व्यायाम सुरू केला असा अर्थ होतो. त्या मुलीला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. नवशिक्यांसाठीच्या शब्दकोशांत स्लिमपुढे सडपातळ असतं आणि स्लेंडरपुढेही सडपातळच. तिनं त्यातला छोटा आणि ओळखीचा शब्द उचलला, यात तिचा दोष नव्हता.

स्पर्धेनंतर तिच्या शिक्षिकेच्या परवानगीनं मी तिच्याशी बोललो. पहिल्या परिच्छेदात तिनं आजीच्या लग्नाच्या फोटोचं वर्णन केलं होतं, आणि तिथंही शब्द ‘थिन’ होता. मला वाटलं, निदान इथं तरी मी तिला चांगला शब्द देऊ शकेन. अठरा वर्षांची नवरी, नऊवारी, लांब मान, हातात हार: स्लेंडर म्हणजे नेमकं हेच, असं मी तिला समजावलं. ठेवण, प्रमाण, डोळ्याला बरं वाटणं, सगळं सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. म्हणाली, ‘सर, तो फोटो दुष्काळातला आहे. आजी सांगायची, लग्नाआधी ती आणि तिची आई खडी फोडायच्या कामावर जायच्या. तिथं सुकडी मिळायची, ती घरी आणून धाकट्या भावांना द्यायच्या. घरात लाल मिलोच्या भाकरी. तो फोटो दाखवला की आजी म्हणायची, बघ, नुसती हाडं आहेत.’

म्हणजे 1973 चा उन्हाळा. मला तो आठवतो. आमच्या गावातही त्या कामांवर बाया रांगेनं बसलेल्या मी पाहिल्या आहेत. फोटोकडे पाहून मी जी ठेवण समजत होतो ती उपासमार होती, आणि स्लेंडर लिहिलं असतं तर वाक्य सुंदर होऊन खोटं झालं असतं. पहिल्या परिच्छेदातला थिन मी तसाच राहू दिला. तिसऱ्या परिच्छेदात तिनं ‘ग्रू थिनर अँड थिनर’ लिहिलं आणि थांबून विचारलं, पहिल्यासारखाच शब्द परत आला तर चालेल का? मी म्हटलं, चालेल.